व्हॉल्ट चुकून पुसले गेल्यास

सांगलीतील आमच्या दुकानाच्या संगणकावरून बिटवॉर्डन या पासवर्ड साठवणाऱ्या ॲपचे खातेच, म्हणजे त्यातील सर्व नोंदींचे व्हॉल्टही, चुकून पुसले गेले, तेव्हा घरी बंद पडून असलेला जुना मोबाइल कामी आला, कारण त्यात शेवटच्या सिंकची प्रत शिल्लक होती.

१. असा मोबाइल सुरू करण्यापूर्वी घरातील राऊटर बंद करावा, सिम काढावे आणि सुरू होताच एअरप्लेन मोड लावावा, म्हणजे ॲप सर्व्हरशी जोडले जाऊन ही प्रत पुसणार नाही.
२. मग मुख्य पासवर्डने ॲप उघडून नोंदी वहीत उतरवाव्यात. बँक व ईमेलच्या नोंदी सर्वांत आधी घ्याव्यात.
३. पूर्वी एक्स्पोर्ट केलेली फाइल असल्यास ती नव्या खात्यात आयात करावी आणि नंतरचे बदल वहीतून भरावेत.

लॉग आउट मात्र करू नये, त्याने ही प्रतही जाते. आपत्कालीन प्रवेश दिलेल्या नातेवाइकाचाही येथे उपयोग नाही, कारण तो सर्व्हरवरचेच व्हॉल्ट उघडतो.