भांडवल वर्षात कमीजास्त झालं असेल तर भागीदारांत नफा कसा वाटायचा

भागीदारांनी पहिल्या दिवशी पैसे घातले आणि वर्षभर कुणी त्याला हात लावला नाही, तर वाटणी सोपी आहे. प्रत्येकाच्या भांडवलाला एकूण भांडवलाने भागायचं, शंभराने गुणायचं, झाली टक्केवारी. पण धंद्यात असं क्वचितच होतं. कुणी उशिरा येतो, कुणाला मध्येच घरासाठी पैसे काढावे लागतात. वाद होतात ते तिथे, म्हणून तसंच एक उदाहरण घेऊ.

‘अ’ने वर्षाच्या सुरुवातीला ६ लाख घातले, ‘ब’ने ४ लाख. तीन महिन्यांनी ‘क’ ४ लाख घेऊन आला. त्यातले ३ लाख रोख होते आणि १ लाखाचं यंत्र होतं. आठवा महिना संपताना ‘अ’ने आपल्या भांडवलातून दीड लाख काढून घेतले. याशिवाय ‘ब’ने वर्षभरासाठी २ लाख उसने दिले होते, आणि दुकानदारी रोज सांभाळत होता ‘क’.

आधी भांडवल कशाला म्हणायचं ते ठरवा

‘ब’चे उसने २ लाख भांडवलात धरायचे नाहीत. ते कर्ज आहे. त्यावर ठरलेलं व्याज द्यायचं, नफ्यात वाटा नाही. ‘क’चं यंत्र मात्र भांडवल आहे, पण ज्या दिवशी ते धंद्यात आलं त्या दिवशीच्या, सगळ्यांनी मान्य केलेल्या किमतीला. त्याने ते कधीकाळी कितीला घेतलं होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. ही किंमत त्याच दिवशी लिहून सह्या घ्याव्यात. वर्षाअखेरीला यंत्र जुनं झाल्यावर तिच्यावर एकमत होणं कठीण.

तिसरी गोष्ट उचलीची. ‘ब’ घरखर्चासाठी दरमहा ५,००० घेत होता. ही येणाऱ्या नफ्यावरची उचल आहे, त्यामुळे त्याचं भांडवल ४ लाखच राहतं. ‘अ’ने काढलेले दीड लाख मात्र भांडवलातले. दोन्हींत पैसे गल्ल्यातून गेलेच, तरी वाटणीवर परिणाम वेगळा होतो. म्हणून प्रत्येक भागीदाराची दोन खाती ठेवायची: भांडवल खातं आणि चालू खातं. पैसे काढतानाच ते कुठल्या खात्यातून निघाले हे लिहिलं नसेल, तर मार्चमध्ये असो की डिसेंबरमध्ये, हिशेब बंद करताना प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं.

मग वाटण्याजोगा नफा काढा

विक्रीतून माल आणि सगळे खर्च वजा जाऊन ७ लाख उरले असं धरू. त्यातून ‘ब’च्या कर्जाचं १० टक्क्यांनी व्याज, २०,००० जातं. ‘क’च्या कामाचा मोबदला दरमहा २०,००० ठरला होता, नऊ महिन्यांचे १,८०,००० झाले, तेही जातात. उरले ५ लाख. टक्केवारी लावायची ती या ५ लाखांना.

मोबदला आधी वजा केला नाही, तर कामाचे पैसे भांडवलाच्या टक्केवारीत विरघळतात. ‘क’ने दिवसभर राबायचं आणि त्या मेहनतीचा सर्वांत मोठा वाटा जास्त भांडवलवाल्या ‘अ’ने न्यायचा, असं होऊन बसतं. भांडवलावर वाटणी न्याय्य ठरते ती श्रमाचा हिशेब आधी चुकता केल्यावरच, असं माझं स्पष्ट मत आहे. हा मोबदला करारात मात्र आधीच लिहिलेला हवा.

भांडवलाला महिन्यांनी गुणा

प्रत्येकाचं किती भांडवल किती महिने धंद्यात होतं, त्याचा गुणाकार करायचा. रक्कम बदलली की नवी ओळ.

```
अ : (६ × ८) + (४.५ × ४) = ४८ + १८ = ६६
ब : ४ × १२ = ४८
क : ४ × ९ = ३६
एकूण = १५०
```

आता टक्केवारी: अ ४४, ब ३२, क २४. बेरीज १०० आली पाहिजे. पाच लाखांपैकी ‘अ’ला २,२०,०००, ‘ब’ला १,६०,००० आणि ‘क’ला १,२०,०००. ‘ब’ने ६०,००० आधीच उचलले आहेत, म्हणून त्याच्या हाती पडायचे नफ्याचे १ लाख, कर्जाचं व्याज वेगळं.

वर्षाअखेरची शिल्लक पाहून टक्केवारी काढली असती तर? भांडवलं साडेचार, चार, चार, म्हणजे ३६, ३२, ३२ टक्के. ‘ब’ला काहीच फरक जाणवला नसता, पण ‘अ’चे ४०,००० अलगद ‘क’कडे गेले असते. सहा लाख आठ महिने अडकवून ठेवल्याची दखलच राहिली नसती. रक्कम महिन्याच्या मध्ये आली-गेली असेल तर महिन्यांऐवजी दिवसांनी गुणावं, रीत तीच.

ही रीत कुठे कमी पडते

गुणाकार करताना आपण एक गोष्ट न बोलता धरून चालतो: नफा वर्षभर सारखा झाला. हंगामी धंद्यात तसं होत नाही. समजा त्या ५ लाखांपैकी २ लाख पहिल्या तीन महिन्यांतच सुटले, ‘क’ आला त्याच्याही आधी. मग त्यातला वाटा त्याला का मिळावा?

अशा वेळी तो ज्या दिवशी आला त्या दिवशी हिशेब तोडायचा. पहिले २ लाख फक्त ‘अ’ आणि ‘ब’मध्ये ६:४ प्रमाणात, म्हणजे १,२०,००० आणि ८०,०००. उरलेल्या नऊ महिन्यांचे गुणाकार ४८, ३६, ३६ येतात, म्हणजे ४०, ३० आणि ३० टक्के. ३ लाखांतून १,२०,०००, ९०,००० आणि ९०,०००. एकूण ‘अ’ला २,४०,०००, ‘ब’ला १,७०,०००, ‘क’ला ९०,०००. आधीच्या रीतीपेक्षा ‘क’ला ३०,००० कमी.

अर्थात त्यासाठी ‘क’ येण्याच्या दिवशी शिल्लक मालाची मोजणी झालेली असायला हवी, येणी-देणी लिहिलेली हवीत. ती नसतील तर पहिल्या तीन महिन्यांचा नफा नुसता अंदाज ठरतो, आणि अंदाजावर भांडण्यापेक्षा वर्षभराचा गुणाकार बरा. कुठली रीत धरायची हे नवा भागीदार पैसे घालण्याआधीच ठरवून घ्यावं. करारात वाटणीबद्दल काहीच नसेल तर बऱ्याच देशांचे भागीदारी कायदे नफा समान वाटायला सांगतात, भांडवल कितीही असो. तोट्याचं प्रमाणही लिहून ठेवा. वेगळं ठरलं नसेल तर सहसा तो नफ्याच्याच प्रमाणात वाटला जातो.

पैसे हातात देताना

हिशेबात नफा ५ लाख असला तरी बँकेत तेवढे असतीलच असं नाही. काही गिऱ्हाइकांकडे अडकलेले असतात, काही मालात. पूर्ण वाटा प्रत्येकाच्या चालू खात्यात जमा करावा, आणि रोख देता येण्याजोगी असेल तेवढीच, चालू खात्यात उरलेल्या रकमेच्या प्रमाणात द्यावी. आधी मागेल त्याला आधी, असं करू नये.

न उचललेला नफा चालू खात्यातच राहू द्यायचा की भांडवल खात्यात न्यायचा, हे तिघांनी मिळून ठरवावं आणि तारीख घालून लिहावं. भांडवलात नेला, तर त्या तारखेपासून त्याचाही गुणाकार सुरू होतो आणि पुढच्या वर्षीची टक्केवारी बदलते.