मुलाने पॅरासिटामॉलचं सिरप जास्त प्यायलं तर

आधी बाटली हातातून काढून घ्या आणि तोंडात उरलेलं औषध पुसून टाका. उलटी करवू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नको. मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट रुग्णवाहिका बोलवा. नाहीतर बाटली समोर ठेवून लगेच विष माहिती केंद्राला फोन करा.

तिथे मुलाचं वय, वजन, औषध कधी घेतलं, किती घेतलं आणि बाटलीवरची तीव्रता विचारतात. तीव्रतेने हिशोब पार बदलतो. समजा, १२ किलोच्या मुलाने ४० मिली प्यायलं. ५ मिलीत १२० मिग्रॅ असेल तर ९६० मिग्रॅ, म्हणजे किलोमागे ८०. तेच २५० मिग्रॅचं असेल तर २००० मिग्रॅ, किलोमागे सुमारे १६७. एकदाच घेतलेल्या औषधात किलोमागे १५०-२०० मिग्रॅच्या आसपास धोक्याची रेषा धरतात, पण निर्णय केंद्रालाच घेऊ द्या. सांडलेलं किती ते नक्की नसेल तर सगळं पोटात गेलं असंच धरा. गेल्या दोन दिवसांत तापाचे किंवा सर्दीचे डोस दिले असतील तर तेही सांगा. सर्दीच्या सिरपमध्येही अनेकदा हेच औषध असतं.

मूल खेळतंय म्हणून थांबू नका. यकृताला इजा होत असली तरी पहिल्या दिवशी बहुधा काहीच दिसत नाही. उतारा मात्र आठ तासांच्या आत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो.