"हे कसं थांबवायचं?" असा स्क्रीनशॉट आला की या चुका टाळा

मावशीने अँड्रॉइड फोनमधल्या Do Not Disturb च्या कॉल्सच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "अरे, हे कसं थांबवायचं?" मला वाटलं, फोन रात्री आपोआप गप्प होतोय म्हणून ती वैतागली असणार. लगेच उत्तर दिलं, "तो मोडच बंद कर." दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "आता तर सगळे ग्रुपही रात्रभर वाजत होते!"

चूक माझीच. "हे" म्हणजे पानावर जे दिसतंय ते, असं मी धरून चाललो. पण घडलेली गोष्ट सेटिंगच्या पानावर क्वचितच दिसते. दोष कुठे असावा याचा त्या माणसाचा अंदाज मात्र दिसतो, कारण ते पान त्याने स्वतः शोधून उघडलेलं असतं.

दुसरी चूक म्हणजे वरची बारीक पट्टी मी पाहिलीच नाही. तिथे वेळ होती 1:52 आणि शेजारी गोलातली आडवी रेघ, म्हणजे मोड चालूच होता. मोड चालू असताना रात्री दोनला कोणी सेटिंग उघडून बसलंय, तर त्याची झोप मोडली असणार, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पानावर Allow repeat callers हे बटणही चालू होतं. त्याचा अर्थ असा, की एकाच नंबरवरून 15 मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा.

मग जे आधी विचारायचं ते विचारलं: "स्क्रीनशॉट पाठवलास त्या रात्री नक्की काय झालं?" "फोन वाजला." कॉलची यादी बघायला सांगितली. एकाच नंबरचे दोन कॉल, 1:44 आणि 1:47. पहिला मुका राहिला, दुसरा वाजला. पहिलाच वाजला असता तर मी परवानगी दिलेल्या नंबरांची यादी तपासली असती, कारण त्यातला नंबर पहिल्याच फटक्यात वाजतो.

उपाय एकच सांगितला, तोही तिच्या पडद्यावरच्याच शब्दांत: मोड पुन्हा चालू कर आणि Allow repeat callers बंद कर. आपल्या फोनवरचा रस्ता पाठ म्हणून दाखवण्यात अर्थ नसतो. कंपनीगणिक पानांची नावं बदलतात, आणि समोरचा नसलेलं बटण शोधत बसतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी लागते. ते बटण बंद केलं की अडीअडचणीला पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्याचाही कॉल मुका राहतो. म्हणून घरच्यांचे नंबर तारांकित करून तेवढ्यांच्या कॉलना परवानगी द्यायला लावली. मग मोड चालू ठेवून दुसऱ्या एका, यादीत नसलेल्या फोनवरून लागोपाठ दोनदा कॉल केला. दोन्ही वेळा तिचा फोन गप्प राहिला.