निळा रंग सावल्यांत नको, जरा वर

गिरगाव चौपाटीवरच्या रात्रीच्या सीनचं कलर ग्रेडिंग करताना मी आधी लिफ्टमध्येच, म्हणजे सर्वांत गडद भागाच्या कंट्रोलमध्येच, निळा रंग दिला. सावल्यांत रंगीत नॉइज वळवळायला लागला, चेहरे राखाडी पडले. मग लिफ्ट मूळ जागी आणली, परेड स्कोपच्या आलेखात लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलचे तळ जुळवले आणि `Lum Vs Sat` कर्व्हने अगदी गडद भागाचं सॅच्युरेशन जवळपास काढून टाकलं. निळसरपणा त्याच्या थोडा वर, लो-मिडमध्ये दिला.

आकाश पूर्ण काळं केलं नाही. मुंबईचं आकाश शहराच्या उजेडाने क्षितिजाशी उजळलेलंच असतं. चेहऱ्यांचं सिलेक्शन निळ्या नोडच्या, म्हणजे निळा रंग देणाऱ्या टप्प्याच्या, आधीच्या चित्रावरून घेऊन त्या नोडमधून वगळलं. रंगछटा दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर त्वचा स्किन टोन रेषेजवळ आली. गाडीवरच्या पिवळ्या बल्बची ऊब मात्र चेहऱ्यावर मुद्दाम राहू दिली.