चेन रेप्लिकेशन लावताना: जुन्या टेलला गप्प कसं करायचं

चेन रेप्लिकेशनवरचे बहुतेक लेख एक सुंदर आकृती काढतात, तीन चौकोन आणि दोन बाण, आणि सांगतात की आता लिहायला बसा. आकृतीतला भाग लिहायला मला एक दिवस लागला होता. त्यात जे नव्हतं, त्याने तीन महिने खाल्ले. म्हणून इथे सोप्या पायऱ्या एका ओळीत उरकते आणि जिथे माझे हात पोळले तिथे थांबते.

आमचं काम बडोद्यात, मकरपुऱ्याच्या कारखान्यांचा आणि गोदामांचा साठा सांभाळणारी सेवा चालवायचं. लिहिलं की लगेच सगळ्यांना तेच दिसलं पाहिजे, आणि महिनाअखेरीला भार वाढला तरी सेवा धापा टाकता कामा नये. रॉबर्ट व्हान रेनेसे आणि फ्रेड श्नायडर यांनी २००४ साली मांडलेली ही पद्धत त्यासाठी नेमकी बसते. नोड, म्हणजे त्याच डेटाची प्रत ठेवणारी मशीन, एका रांगेत उभे असतात. प्रत्येक राइट पहिल्याकडे, म्हणजे हेडकडे येतो, एकेका नोडवरून पुढे सरकतो आणि शेवटच्यापाशी, टेलपाशी पोचला की पक्का होतो. रीडला उत्तर फक्त टेल देतो. टेलपाशी आहे ते सगळ्यांपाशी आहे, त्यामुळे रीडला कोणाला विचारावं लागत नाही. हेडला दोन प्रती दोघांना पाठवाव्या लागत नाहीत, एकदाच शेजाऱ्याला दिली की झालं. थ्रूपुट येतो तो इथून. किंमत एवढीच की राइटला साखळीची पूर्ण लांबी चालावी लागते, म्हणून तीन नोडच्या पुढे मी जात नाही.

पायरी १. साखळ्या अनेक करा. प्रत्येक नोंद ज्या नावाने साठवली जाते ती तिची किल्ली. या किल्ल्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी साखळी द्या, आणि एका साखळीचा टेल तो दुसरीचा हेड असं फिरवा. नाहीतर एकच मशीन सगळे रीड झेलेल आणि बाकीची बघत बसतील.

पायरी २. मास्टर वेगळा ठेवा. साखळीत कोण आहे, कोणत्या क्रमाने, हे ठरवणारा मास्टर साखळीच्या बाहेर हवा. त्याची माहिती तीन नोडच्या etcd मध्ये, म्हणजे अशाच मांडणीच्या नोंदी जपणाऱ्या डेटाबेसमध्ये, ठेवा. साखळीत बदल झाला की इपॉकचा, म्हणजे साखळीच्या आवृत्तीचा, आकडा एकने वाढवा, आणि प्रत्येक निरोपावर तो आकडा लिहा. जुन्या इपॉकचा निरोप कोणीही स्वीकारायचा नाही, अपवाद नाही.

पायरी ३. पाठवलेल्यांची यादी. प्रत्येक नोडने पुढे पाठवलेले राइट त्यांच्या सिक्वेन्स नंबरसह जपून ठेवायचे, आणि टेलकडून पोचपावती उलट्या वाटेने परत येईपर्यंत पुसायचे नाहीत. शेजाऱ्याला मिळालं म्हणून पुसणारा कोड मी दोन ठिकाणी पाहिला आहे. एक माझाच होता.

पायरी ४. मधला नोड पडला तर. ही यादी कशासाठी ते इथे कळतं. समजा क हेड, ख मधला, ग टेल. क ने ११८ पर्यंत पाठवलं आहे, ख पडला, आणि ग कडे ११५ पर्यंतच पोचलं आहे. मास्टरने आधी ग ला सांगायचं: इपॉक ८ सुरू, तुझ्या मागे आता क. ग उत्तर देतो: माझ्याकडे ११५ आहे. मग तो आकडा घेऊन मास्टर क कडे जातो, आणि क आपल्या यादीतले ११६, ११७, ११८ पाठवून मगच ११९ कडे वळतो. उलट केलंत, आधी क ला सांगितलंत, तर क थेट ११९ पाठवतो आणि मध्ये तिघांचं भोक पडतं. क्रम लक्षात ठेवायची माझी युक्ती साधी: बातमी टेलच्या बाजूने हेडकडे जाते. वाहत्या पाण्याच्या उलट.

हेड पडला तर दुसरा हेड होतो. त्याच्यापर्यंत न पोचलेले राइट गेले, ते क्लायंटने त्याच विनंती-क्रमांकाने पुन्हा पाठवायचे. तो क्रमांक डेटाबरोबरच साखळीतून पुढे सरकला पाहिजे, नाहीतर एकच राइट दोनदा लागेल.

पायरी ५. टेल बदलताना. आता खरं दुखणं. कागदावर टेल पडला की आधीचा नोड टेल होतो, आणि त्याच्याकडे असलेले सगळे राइट त्या क्षणी पक्के होतात. कागदावर हे एका वाक्यात संपतं, कारण मूळ मांडणीत गृहीत धरलं आहे की पडलेला नोड खरोखर थांबतो आणि तो थांबल्याचं कळतं. आमच्या रॅकमधली मशीन तसं काही मानत नाहीत.

एका शनिवारी दुपारी ग आणि मास्टर यांच्यातला दुवा तुटला, पण ग आणि क्लायंट यांच्यातला शाबूत होता. मास्टरला ग चे ‘मी जिवंत आहे’ सांगणारे ठोके ऐकू येईनात, म्हणून त्याने ग ला काढून ख ला टेल केलं. ग ला याचा पत्ताच नव्हता. त्याच्या दृष्टीने तो टेलच होता, फक्त राइट येत नव्हते, आणि शनिवारी दुपारी राइट कमी येण्यात विशेष ते काय. एका बेअरिंगच्या साठ्यात ४० नग होते. एकाने २५ काढले, क आणि ख कडे १५ झाले, राइट पक्का झाला. दुसऱ्या स्क्रीनकडे नोडची जुनी यादी होती. तिने ग ला विचारलं, ग ने बिनदिक्कत ४० सांगितलं, आणि गोदामातल्या माणसाने फोनवर ३० नगांचा शब्द देऊन टाकला.

लॉगमध्ये एकही चूक नव्हती. तिन्ही नोड हिरवे. इपॉकही तपासला जात होता, पण नवा इपॉक कळायचा तो नोडांच्या आपसातल्या निरोपांतूनच, आणि ग ला नवा निरोप आलाच नव्हता. त्याच्या इपॉक ७ ला क्लायंटचा इपॉक ७ जुळत होता. दोघंही जुने, म्हणून दोघांचं एकमत! दांडिया बाजारात सेव-उसळ खाताना आमच्या गुजराती सहकाऱ्याने विचारलं, "पण ग ला कळणार कसं, की त्याला काढलंय?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याला कळणार नाही. त्याला सांगता येत नाही, म्हणूनच तर काढलं. गप्प बसायचं कारण त्याच्याजवळ आधीपासून असलं पाहिजे.

त्याचं नाव लीज. मास्टर टेलला दोन सेकंदांपुरती परवानगी देतो, टेल दर अर्ध्या सेकंदाला ती वाढवून घेतो, आणि मुदत संपली की स्वतःहून रीड नाकारतो. मास्टर ग ला काढतो तेव्हा शेवटची लीज दिल्यापासून दोन सेकंद आणि वर थोडी सवड, आमच्याकडे २.२ सेकंद, भरेपर्यंत ख ला टेल करत नाही. तेवढ्या वेळात राइट ख पर्यंत येऊन साचतात, पण कोणालाच पोचपावती जात नाही.

लीजमध्ये तीन चुका होतात आणि तिन्ही माझ्या झाल्या आहेत. पहिली, मुदत मोजायची कुठून. उत्तर हातात पडल्यापासून मोजलीत तर निरोपाच्या प्रवासाचा वेळ तुम्ही फुकट वाढवून घेतलात, आणि मास्टरच्या हिशोबात लीज संपल्यावरही तुम्ही बोलत राहाल. मागणी पाठवल्याच्या क्षणापासून मोजा. दुसरी, घड्याळ. भिंतीवरची वेळ वापरू नका, ती मागेपुढे सरकवली जाते. लिनक्सवर CLOCK_MONOTONIC सुद्धा मशीन झोपवलं की थांबतं, म्हणून CLOCK_BOOTTIME घ्या. घड्याळं थोडी पुढेमागे धावतात, वरचे ०.२ सेकंद त्यासाठी. तिसरी, तपासणीची जागा. आधी साठवलेलं मूल्य वाचा, मग लीज तपासा. वाचून झाल्यावरही लीज शिल्लक असेल तर वाचताना ती होतीच.

```
read(key):
  v = store[key]
  if boottime() >= lease_end:
    return NOT_TAIL
  return v

# lease_end = sent_at + 2s
```

लोक म्हणतात, दोन सेकंद राइट थांबतात हे फार झालं, लीज २०० मिलिसेकंदांची करा. करून पाहिली आहे. मेमरी साफ करताना प्रोसेस जरा थबकली की धडधाकट टेल हाकलला जायचा, आणि दिवसातून अनेकदा साखळी बदलायची. वर्षातून दोनदा टेल खरोखर पडतो, तेव्हाचे दोन सेकंद मला परवडतात. ठरवून टेल बदलायचा असेल, मशीन कामातून काढायचं असेल, तर वाट पाहायची गरजच नाही: टेलने स्वतः लीज परत करायची, मास्टरने लगेच पुढच्याला द्यायची. साखळीच्या शेवटी नवा नोड जोडतानाही हेच. सगळा डेटा त्याच्याकडे पोचेपर्यंत जुनाच टेल बोलतो, मग जुना लीज सोडतो आणि त्यानंतर नवा तोंड उघडतो.

आणखी एक. टेल झाल्या झाल्या ख कडे पोचपावती न गेलेले राइट असतात. ते आता पक्के आहेत, त्यांची उत्तरं क्लायंटना ख ने द्यायची. हे विसरलात तर काही बिघडत नाही, फक्त क्लायंट वेळ संपेपर्यंत ताटकळतात, आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या देत बसता.

पायरी ६. तोडून बघा, पण नीट तोडा. kill -9 देऊन चाचणी झाली म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यात नोड खरोखर मरतो, म्हणजे कागदावरची गोड परिस्थिती. ग जिवंत ठेवा आणि फक्त मास्टरपासून तोडा. आमचा मास्टर 7070 पोर्टवर ऐकतो, तेव्हा ग वर:

```
iptables -A OUTPUT -p tcp --dport 7070 -j DROP
```

एका प्रोग्रामने एकाच किल्लीवर १, २, ३ असे चढते आकडे लिहायचे आणि शेवटचा पक्का झालेला आकडा नोंदवायचा. दुसऱ्याने ती किल्ली सतत वाचायची, पण त्याला मुद्दाम जुन्या यादीवर ठेवा म्हणजे तो ग लाच विचारत राहील. वाचायला सुरुवात करताना जो आकडा पक्का होता त्याहून लहान आकडा एकदाही मिळाला, तर तुमची लीज खोटी आहे. बरोबर असेल तर सुमारे दोन सेकंदांत ग कडून NOT_TAIL यायला लागेल, आणि वाचकाला नवी यादी आणायला भाग पडेल. मग तीच चाचणी kill -STOP ने ग ला दहा सेकंद गोठवून आणि kill -CONT ने उठवून करा. उठल्यावर पहिल्याच रीडला तो काय म्हणतो ते बघा. आमच्या पहिल्या प्रयत्नात तो म्हणाला होता ४१७, आणि पक्का आकडा होता ९०३.