एका आवडीचा माइंड मॅप काढून चार वेगळे प्रोजेक्ट कसे काढायचे

कागद आडवा धरा आणि मध्ये आवड लिहा, एवढं सगळ्यांना येतं. रंगीत पेनं नसली तरी चालतं. शाखा किती हव्यात यावर डोकं खपवू नका, पहिल्या फेरीत दहा मिनिटांत सहा-सात झाल्या की पुरे.

माझी आवड म्हणजे दिवाळीतला मातीचा किल्ला. पहिल्यांदा मॅप काढला तेव्हा मध्ये ‘किल्ला’ लिहिलं आणि शाखा काय, तर राजगड, रायगड, प्रतापगड, तोरणा. मग त्यांच्या माच्या, बुरूज, दरवाजे. कागद भरला, मी खूश! दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या टोकांना प्रोजेक्ट एकच, ‘अमुक गडाचं मॉडेल करणे’. तुलना काय करणार, डोंबल? आणि ‘अजून शाखा वाढव’ हा सल्ला मला तेव्हा ज्याने त्याने दिला, तो साफ चुकीचा आहे. मी वाढवल्या होत्या की, चाळीस नावं झाली होती.

घोळ असा असतो की आपण आवडीचे प्रकार लिहीत बसतो. प्रकार कितीही लिहा, आपण आवडीच्या आतच फिरतो, बाहेर पडतच नाही. म्हणून पहिल्या फेरीत नावं लिहायचीच नाहीत, आपण हाताने काय करतो ते लिहायचं. माझं असं झालं: गोणपाट चिखलात बुडवून दगडांवर टाकणं, उतारावर हळीव पेरणं, कुंभाराकडून मावळे आणणं, सोसायटीत जागेसाठी भांडणं, खऱ्या गडासारखा आकार जमवणं.

आता दुसरी फेरी, आणि मी अडकलो होतो ती इथेच. प्रत्येक कृतीला विचारायचं की ही का चालते आणि कुठे फसते. हळीवच घ्या. आई नेहमी हळीव पेरायची, गहू नाही. का? तर हळीव भिजला की त्याच्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो, त्यामुळे तो उभ्या चिखलालाही धरून राहतो, आणि गहू टाकला की घरंगळून खाली तळ्यात. म्हणजे तिसऱ्या फेरीतला पुढचा प्रश्न: उतार किती तीव्र झाला की बी टिकत नाही, आणि उगवल्यावर मुळं पाण्याच्या माऱ्यात माती किती धरतात? बघा, या प्रश्नात ‘किल्ला’ हा शब्दच उरला नाही. माझी कसोटी हीच आहे, तिसऱ्या फेरीपर्यंत मधला शब्द प्रश्नातून गळला पाहिजे, नाही गळला तर तुम्ही अजून अंगणातच आहात.

उलटी चूकही मी केली आहे. हळीव, मग शेती, मग हवामान बदल, अशा तीन उड्या मारल्या की कुठल्याही आवडीतून तिथेच पोचता येतं, तुमचं त्यात काही राहत नाही. शनिवारी सकाळी उठून नेमकं काय करणार हे टोकावर लिहिता आलं नाही तर एक पाऊल मागे या.

बाकीच्या शाखा पटकन सांगतो. आकाराची शाखा गेली नकाशाकडे: सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा साधारण दर २० मीटर उंचीला असतात, तो दहापट मोठा केला तर एक रेषा म्हणजे ४ मिलिमीटर पुठ्ठा, तर मग अंध मुलांना बोटांनी वाचता येईल असा डोंगर करता येईल का? मावळ्यांची शाखा गेली साचे करणाऱ्या कुंभारांच्या मुलाखतींकडे. जागेची गेली सोसायटीत मुलांना खेळायला कोण कुठे देतं याच्या नोंदीकडे.

मावळ्यांच्या रंगांची एक वेगळी शाखा होती, ती खोडली. दोन टोकांना त्याच माणसाकडे जायचं असेल आणि तेच सामान लागत असेल तर तो एकच प्रोजेक्ट, नावं दोन असली तरी.

तुलनेला मार्क-बिर्क देऊ नका. प्रत्येक टोकाखाली तीनच गोष्टी लिहा: पहिला आठवडा कशात जाईल, कोणावर अवलंबून आहे, काय अडेल. मला प्रोजेक्ट मार्चमध्ये द्यायचा होता आणि कुंभार म्हणाला साचे गणपतीनंतरच निघतात, मुलाखती बाद. पुठ्ठ्याचा डोंगर करता आला असता पण तपासायला अंध मुलांच्या शाळेची परवानगी हवी, तिला किती दिवस लागतील कोण सांगणार. सोसायटीची नोंद म्हणजे सेक्रेटरीशी परत भांडण. हळिवाला मात्र सहा ट्रे, एक कोनमापक आणि झारी, आणि चार दिवसांत उगवलं नाही तर परत पेरायला वेळ होता. तेच केलं, आणि पहिल्या दोन ट्रेमधला हळीव चिमण्यांनी खाल्ला.