भागीदारी मोडताना मालमत्ता पडेल भावात गेली, तर भांडवल खाती कशी मिटवायची

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीला तिघांनी मिळून चालवलेलं मशीन शॉप बंद होतं, तेव्हा भांडण बहुतेक वेळा मशीन विकल्यावर सुरू होतं. वहीत सोळा लाखांना दिसणारी यंत्रं दहा लाखांना गेलेली असतात, देणी भागवून काही रक्कम उरलेली असते, आणि ती वाटायची कशी यावर तिघांची तीन मतं असतात. त्यातली दोन हमखास चुकीची निघतात.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. भागीदार तिघे. आप्पांचं भांडवल १२ लाख, बापूंचं ६ लाख आणि भाऊचं १ लाख. भाऊ कारागीर माणूस, पैसा थोडा पण दिवसभर मशीनवर उभा तोच. नफा-तोटा तिघांत सारखा. आप्पांनी मध्यंतरी फर्मला आणखी २ लाख कर्जाऊ दिलेत. बँकेचं कर्ज ५ लाख, माल देणाऱ्यांची देणी ४ लाख. समोरच्या बाजूला यंत्रं १६ लाख, गिऱ्हाइकांकडची येणी साडेआठ लाख, माल ५ लाख आणि बँकेत शिल्लक ५० हजार. दोन्ही बाजू ३० लाख.

आधी भागीदारीपत्र, मग कॅल्क्युलेटर

भागीदारी कायदा १९३२ चा आहे. भागीदारीपत्रात काही ठरलेलं नसेल तिथे तो लागू होतो, ठरलेलं असेल तिथे पत्राचा शब्द चालतो. म्हणून तीन गोष्टी शोधा: तोट्याचं प्रमाण काय, काम करणाऱ्या भागीदाराला तोट्यातून वगळलंय का, आणि एखादा भागीदार नादार झाला तर त्याची तूट कुणी सोसायची. पत्र गप्प असेल तर कायद्याने नफाही सारखा आणि तोटाही सारखा. भांडवल कमी म्हणून तोटा कमी, असं कायदा म्हणत नाही.

विसर्जनाची तारीख तिघांच्या सहीने ठरवा आणि त्या दिवसाचा ताळेबंद काढा. उचल खाती, भांडवलावरचं व्याज, पगार ठरला असेल तर तो, मागचा साठलेला नफा किंवा तोटा, राखीव निधी, हे सगळं त्या तारखेपर्यंत भांडवल खात्यांत ओढून घ्या. वरचे १२, ६ आणि १ हे आकडे तसे स्वच्छ करून घेतलेले आहेत. हे आधी न केल्यास पुढचं सगळं गणित दोनदा करावं लागतं.

वसुली खाते

आता विक्रीतला नफा-तोटा मोजायला एक वसुली खातं उघडायचं. रोख आणि बँक सोडून सगळी मालमत्ता पुस्तकी किमतीला त्याच्या नावे बाजूला, बाहेरची देणी जमा बाजूला. आप्पांचं २ लाखांचं कर्ज इथे टाकायचं नाही, त्याचं खातं वेगळंच राहतं. भांडवल खातीही बाहेर.

मग विक्री. आकडे कुठे पडतात ते पाहण्यासारखं आहे. यंत्रांतली जुनी लेथ कधी कधी वहीतल्या किमतीपेक्षा जास्त देऊन जाते, कारण घसारा लागून लागून ती वहीत जवळपास संपलेली असते. पण चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या सीएनसीला गिऱ्हाईक हात आखडतो. सगळी मिळून १० लाख आली. हे जीएसटी सोडून. घेणाऱ्याकडून घेतलेला कर सरकारचा, तो वसुलीत धरलात की तोटा खोटा कमी दिसतो.

मालाची कथा आणखी वाईट. अर्धवट मशीनिंग झालेलं कास्टिंग वहीत मजुरीसकट चढवलेलं असतं, पण ते ज्याच्या ड्रॉइंगचं आहे त्याच्याशिवाय दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याने उचललं नाही तर भंगाराचा भाव. ५ लाखांच्या मालाचे अडीच लाख झाले. येण्यांत तर दुकान बंद होतंय ही बातमी फुटली की जुन्या रिजेक्शनच्या डेबिट नोटा येऊ लागतात. म्हणून विसर्जनाची बोलणी सुरू असतानाच प्रत्येक गिऱ्हाइकाकडून शिल्लक मान्य केल्याचं पत्र सहीशिक्क्यानिशी घ्यावं. आपल्या उदाहरणात साडेआठचे सात लाख हाती आले.

एकूण साडेएकोणतीस लाखांच्या मालमत्तेचे साडेएकोणीस लाख झाले, म्हणजे तोटा १० लाख. दलाली आणि वाहतुकीचा खर्च ४० हजार. माल देणाऱ्यांनी रोखीत २० हजार सोडले, तो फायदा. निव्वळ तोटा १० लाख २० हजार.

एखादं मशीन भागीदारालाच हवं असेल तर ठरलेली किंमत वसुली खात्यात जमा करून त्याच्या भांडवल खात्याला नावे टाका. किंमत बाजारभावाला धरूनच ठेवा. २०२१ च्या दुरुस्तीपासून भागीदाराला विसर्जनात माल किंवा यंत्र मिळालं तर आयकरासाठी फर्मने ते बाजारभावाने विकलं असं धरलं जातं. आपसात स्वस्तात उरकून घेतलं म्हणून कर चुकत नाही.

तोटा नफ्याच्या प्रमाणात, पैसे शिलकीप्रमाणे

सगळा घोळ या जागी होतो. आप्पा म्हणतात, "माझं भांडवल जास्त, माझे बारा लाख आधी द्या." भाऊ म्हणतो, "नफा तिघांत सारखा वाटलासा नव्हं? मग उरलंय ते पण सारखंच वाटा." दोघेही एक पायरी गाळतात. आधी तोटा वाटायचा, तो नफ्याच्या प्रमाणात. तो भांडवलातून वजा झाल्यावर जी शिल्लक राहते तीच ज्याच्या त्याच्या वाट्याची.

प्रत्येकाचा तोटा ३ लाख ४० हजार. आप्पांचे उरले ८ लाख ६० हजार, बापूंचे २ लाख ६० हजार, आणि भाऊचं खातं २ लाख ४० हजारांनी उलटलं. म्हणजे भाऊला काही मिळायचं तर नाहीच, उलट त्याने फर्मला द्यायचे आहेत. ज्याने घाम गाळला त्यानेच पैसे आणायचे, हे ऐकायला कठोर वाटतं. पण श्रमाचं मोल भागीदारीपत्रात पगार म्हणून लिहिलं नसेल तर हिशेबात त्याला जागा नाही.

आता रोख. बँकेतले ५० हजार आणि वसुलीचे साडेएकोणीस लाख, मिळून २० लाख. त्यातून खर्च ४० हजार आणि बाहेरची देणी: बँक ५ लाख, माल देणारे ३ लाख ८० हजार. त्यानंतर आप्पांचं कर्ज २ लाख. कायद्याच्या ४८ व्या कलमात हाच क्रम आहे: बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांची कर्जं, मग भांडवल, आणि त्यावर काही उरलं तर नफ्याच्या प्रमाणात. हाती राहिले ८ लाख ८० हजार. आप्पा आणि बापूंना मिळून हवेत ११ लाख २० हजार. फरक नेमका २ लाख ४० हजार, म्हणजे भाऊने आणायची रक्कम. हा फरक जुळला नाही तर समजा की कुठेतरी नोंद सुटली आहे. बहुधा ती भागीदाराचं कर्ज वसुली खात्यात गेल्याची असते.

भाऊकडे पैसेच नसतील तर

इथे १९०४ चा गार्नर विरुद्ध मरे हा इंग्लंडमधला खटला येतो. तिथेही तीन भागीदार, भांडवल असमान, नफा समान, आणि एक नादार. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. विक्रीतला तोटा हा धंद्याचा तोटा, तो नफ्याच्या प्रमाणात. नादार भागीदाराची तूट मात्र इतरांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसायची.

आप्पा-बापूंच्या भांडवलाचं प्रमाण २:१. भाऊची तूट २ लाख ४० हजार, म्हणून आप्पांवर १ लाख ६० हजार, बापूंवर ८० हजार. आप्पांना ७ लाख, बापूंना १ लाख ८० हजार. नफ्याच्या प्रमाणात ही तूट वाटली असती तर प्रत्येकावर १ लाख २० हजार येऊन बापूंना १ लाख ४० हजारच मिळाले असते. बापूंचा चाळीस हजारांचा प्रश्न आहे, तेव्हा ते हा खटला लक्षात ठेवतील. प्रमाण काढताना तोटा वजा करण्याआधीचं भांडवल धरायचं, नंतरची शिल्लक नाही. आणि भागीदारीपत्रात वेगळं ठरलं असेल तर खटल्याचं नाव काढू नका, पत्र चालेल.

भाऊने ९० हजार आणले तर तूट दीड लाखाची राहते. तीही त्याच २:१ प्रमाणात, एक लाख आणि पन्नास हजार. त्याला सूट द्यायची असेल तर ती तिघांच्या सहीने लिहून द्या, नाहीतर त्याचं खातं उघडंच राहतं.

पैसे हप्त्याहप्त्याने येत असतील तर

मशीनं एकदम विकली जात नाहीत. बाहेरची देणी आणि आप्पांचं कर्ज फिटल्यावर पहिले २ लाख आले, तर ते तिघांत वाटायचा मोह टाळा. यापुढे एक पैसाही येणार नाही असं धरून पाहा. भांडवल १९ लाख, हाती २, म्हणजे तोटा १७ लाख, प्रत्येकी पावणेसहाच्या जवळपास. बापूंच्या खात्यात जेमतेम ३३ हजार राहतात, भाऊ पावणेपाच लाखांच्या आसपास खड्ड्यात जातो, आणि त्याच्या तुटीतला वाटा बापूंची ती शिल्लकही खाऊन टाकतो. म्हणून हे २ लाख पूर्ण आप्पांचे. पुढच्या प्रत्येक रकमेला हेच गणित पुन्हा करायचं. आज भाऊला हातखर्चाला म्हणून दिलेले पैसे उद्या त्याच्याकडूनच मागायची वेळ येते.

कागद

फर्म नोंदलेली असेल तर निबंधकांना विसर्जनाची सूचना द्या, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटीस निघेपर्यंत एका भागीदाराने फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी तिघांवर राहते, आणि बाहेरचा धनको वसुलीसाठी तिघांपैकी कुणालाही धरू शकतो. बहुतेक वेळा तो ज्याच्याकडे घर-जमीन आहे त्यालाच धरतो. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं विवरणपत्र भरायचं असतं. त्यात शिल्लक माल आणि यंत्रांवरचा कर निघाला तर तो वसुलीच्या तोट्यात आधीच धरलेला बरा. भाऊचे पैसे येईपर्यंत किंवा त्याला सूट लिहून देईपर्यंत फर्मचं बँक खातं बंद करू नका.